कोणत्या अक्षापासून

पूरक परीक्षेच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, बघायला जुलै महिना ज्याने ठरवला, त्याला एकदा आमच्या स्टाफरूममध्ये आणून बसवायला हवं. लाइट सकाळपासून गेलेली, कूलर बंद, खिडकी उघडली तर आत गरम वाफ येते आणि बंद केली तर जीव जातो. मी रुमालाने मान पुसत अकरावीच्या गणिताच्या कॉप्यांची बेरीज करत होते. आमच्या शाळेची पद्धत अशी की, पेपर काढणारा लाल पेनाने तपासतो आणि दुसरा शिक्षक हिरव्या पेनाने नुसती बेरीज पडताळतो. म्हणजे माझं काम हमालाचं. बेरीज करायची, सही करायची, पुढची कॉपी ओढायची.

त्यात सानिकाची कॉपी आली.

सानिका आमच्या इंदिरानगरातलीच. तिचे वडील नंदकुमार बँकेत, आई चारुलता घरी. बँकेची बदली झाली की हे कुटुंब उठतं. सोलापूर, मग रायपूर, मग भोपाळ, आणि गेल्या दिवाळीच्या सुमाराला भोपाळहून इथे लखनौला. पोरगी अर्धं वर्ष उलटल्यावर वर्गात आली, अर्धा अभ्यासक्रम हिचा तिकडे झालेला, अर्धा इकडे राहिलेला. वार्षिक परीक्षेत गणितात गेली. आणि आता पूरक परीक्षेच्या तोंडावर नंदकुमारांना पुन्हा ऑर्डर आली होती, गुवाहाटीची. पास झाली तर तिकडे बारावीत प्रवेश. नापास झाली तर पाचव्या शाळेत पुन्हा अकरावी. काल संध्याकाळी चारुलता माझ्याकडे येऊन रडून गेली होती. "वीणाताई, अहो, ती बोलतच नाही. जेवायला हाक मारली तर म्हणते, भूख नहीं है. मराठीत भांडली असती तर बरं वाटलं असतं हो."

मी सगळं नीट होईल म्हटलं. लोक असंच म्हणतात.

कॉपीवर एकोणतीस मार्क होते. पासाला तेहेतीस. चार मार्कांनी गेली. मी कपाळावर हात मारला आणि बेरीज पुन्हा केली, अगदी पहिल्या पानापासून. बेरीज बरोबर होती, माझं नशीब. शेवटचा प्रश्न मात्र पूर्ण लाल रेघेने कापलेला दिसला. पाच मार्कांचा, शून्य. दोन पानं भरून सोडवलेलं गणित, आणि त्यावर आडवी रेघ. खरं तर मला तिथे बघायचं कारणच नव्हतं. पण नीटनेटकं अक्षर असं आडवं कापलेलं बघवलं नाही, म्हणून वाचत गेले.

प्रश्न असा होता: एका रेषेचा दोन अक्षांमधला तुकडा (४, ६) या बिंदूने १ : २ या प्रमाणात विभागला जातो, रेषेचं समीकरण काढा.

पेपर जयसिंग सरांचा. आमचे उपप्राचार्य, तीस वर्षं गणित शिकवताहेत. त्यांची रीत सगळ्या शाळेला पाठ. रेषा X-अक्षाला जिथे कापते तो A (a, ०), Y-अक्षाला कापते तो B (०, b), आणि प्रमाण नेहमी A पासून मोजायचं. बिंदू लिहिताना x आधी येतो, मग अक्षही X आधी. आता सेक्शन फॉर्म्युला, म्हणजे विभाजनाचं सूत्र सांगतं की प्रमाण १ : २ असेल तर पहिल्या टोकाला दुसऱ्याचा आकडा लावायचा. जवळच्या टोकाचा वाटा मोठा. म्हणून x बरोबर दोन गुणिले a अधिक एक गुणिले शून्य, भागिले तीन. २a/३ = ४, म्हणून a सहा. b/३ = ६, म्हणून b अठरा. मग इंटरसेप्ट फॉर्म, म्हणजे अक्षांवरच्या छेदांचं रूप: x/६ + y/१८ = १. सोडवलं की ३x + y = १८. सरांच्या नमुना उत्तरांत हेच, एवढंच.

सानिकाने सुरुवात Y-अक्षापासून केली होती. तिचा पहिला बिंदू B (०, b), दुसरा A (a, ०). सूत्र तेच, नीट लावलेलं. a/३ = ४, a बारा. २b/३ = ६, b नऊ. x/१२ + y/९ = १, म्हणजे ३x + ४y = ३६.

मी (४, ६) घालून पाहिलं. बारा आणि चोवीस, छत्तीस. बसतं.

मी पेन खाली ठेवलं. प्रश्न पुन्हा वाचला. कोणत्या अक्षापासून १ : २ ते प्रश्नात कुठेच नव्हतं! आमच्या शाळेत लिहायची गरजच कुणाला वाटत नाही, सगळ्यांना माहीत असतं. सगळ्यांना म्हणजे जे इथेच पहिलीपासून आहेत त्यांना.

खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला नाही. थकवा आला. आता उठायचं, जयसिंग सरांच्या खोलीत जायचं, आणि त्यांना त्यांची चूक सांगायची. बावीस वर्षांपूर्वी सांगलीहून इथे लग्न होऊन आले, तेव्हा असल्या गोष्टींना अंगात जोर होता. आता गुडघे दुखतात. पण चारुलताचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. उठले.

सर पंख्याविना कागदाने वारा घेत बसले होते. मी कॉपी पुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"वीणाजी, जवाब तो गलत है."

"सर, प्रश्नात कोणता अक्ष ते लिहिलेलं नाही," मी हिंदीत म्हटलं. "दोन्ही उत्तरं बरोबर आहेत."

"अरे, सबको पता है एक्स-ऐक्सिस से लेते हैं."

"हिला नव्हतं पता. ही भोपाळहून आली."

सर हसले. वाईट माणूस नाही, पण हसले. "और आपकी बिरादरी की भी है."

झालं. माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं मी या माणसाच्या कॉप्यांची बेरीज करतेय, आणि हा मला मराठी बिरादरी दाखवतो! म्हटलं, "सर, नाव झाका आणि नुसतं गणित बघा. मला पाच मार्क भीक म्हणून नकोत."

त्यांनी वाऱ्याचा कागद खाली ठेवला. म्हणाले, "लड़की को बुलाइए. रटा हुआ है या समझ के किया है, बोर्ड पे दिखाए."

निकाल उद्या लागायचा होता. मी ऑफिसातून चारुलताला फोन लावला. अर्ध्या तासात मायलेकी रिक्षाने आल्या. सानिकाचे डोळे सुजलेले. शाळेत ती मला मिस म्हणते, घरी काकू. आज दारातच ती "काकू" म्हणाली आणि जीभ चावली.

"काय करायचंय?" तिने हळूच विचारलं.

"तू सोडवलंस तेच. घाबरू नकोस. सर काही खात नाहीत तुला."

तिने फळ्यावर दोन अक्ष काढले, तिरकी रेघ ओढली. खडू दोनदा मोडला. मग बोलायला लागली आणि आवाज हळूहळू सरळ झाला. Y-अक्षापासून सुरुवात, सूत्र, a बारा, b नऊ.

"अच्छा, प्रूफ?" सर म्हणाले.

मी तोंड उघडणार होते, पण ती आधीच लिहायला लागली होती. वरच्या बिंदूपासून (४, ६) पर्यंत किती? चार पुढे, तीन खाली, म्हणजे पाच. (४, ६) पासून (१२, ०) पर्यंत? आठ पुढे, सहा खाली, दहा. पाचास दहा, एकास दोन. मग सरांनी न विचारताच चढ काढला: उणे तीन चतुर्थांश. दोन बिंदूंचं रूप, बिंदू आणि चढ यांचं रूप, चढ आणि Y-अक्षावरचा छेद यांचं रूप, तिन्ही मांडली. y − ६ = −३/४ (x − ४). y = −३/४ x + ९. सगळं फिरून तिथेच येत होतं, ३x + ४y = ३६.

"और एक्स-ऐक्सिस से लोगी तो?"

"तो ३x + y = १८," ती म्हणाली. "वो भी सही है, सर. मुझे दोनों लिखने चाहिए थे."

मला वाटलं, आता सर चिडतील. पण त्यांनी कॉपी ओढली, लाल रेघेवर आडवी सही केली आणि समासात पाच लिहिलं. चौतीस. मग सगळ्या कॉप्यांचा गठ्ठाच माझ्याकडे सरकवला. "वीणाजी, सबकी देखनी पड़ेगी. जिस-जिसने दूसरी तरफ़ से लिया, सबको." तेवढंच. माफीबिफी नाही. मला हवीही नव्हती. मला घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात चारुलता माझे हात धरून रडायला लागली. "ताई, तुमचे उपकार..." मी म्हटलं, "अगं, उपकार कसले! पोरीनेच केलंय. सोड बाई, घामाने चिकट झालेत माझे हात." ती रिक्षा बोलवायला फाटकाकडे गेली.

सानिका मात्र तशीच उभी होती. पास झालेल्या पोरीसारखी दिसत नव्हती. दप्तराचा पट्टा पिरगाळत होती. मी म्हटलं, "काय गं, खूश नाहीस? वर्ष वाचलं तुझं. बारावीत जाशील."

ती हो म्हणाली. मग, हिंदीत नाही, अगदी मराठीत, तिच्या त्या चार शहरांच्या मराठीत, मला विचारलं, "काकू, गुवाहाटीला कोणत्या अक्षापासून घेतात?"

मी पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं.

"पहिल्या ओळीतच लिहून टाकायचं," मी शेवटी म्हटलं. "मी इथून सुरुवात केली आहे, असं. मग कुणाची हिंमत नाही कापायची."

तिने मान हलवली, जणू मी गणिताचंच सांगितलं होतं. रिक्षा आली. मी आत जाऊन हिरवं पेन उघडलं आणि पुढची कॉपी पहिल्या पानापासून वाचायला घेतली.