कोण? किती डाव?

गुंजननं फळ्यावर तीनचा चौथा घात बारा लिहिला आणि आठवीचा वर्ग खदखदून हसला.

पुष्पांजली मॅडम हसल्या नाहीत. गुंजनच्या फायलीत डिसकॅल्क्युलियाचा दाखला होता, आणि तिरोड्याच्या अलीकडच्या या शाळेत तो वाचलेल्या त्या एकट्याच. आकडे पोरीच्या डोळ्यांपुढे जागा सोडून पळायचे. बाकी गुंजन कशातच मागं नव्हती. भाषणात पहिली, भांडणात त्याच्याही आधी.

"मॅडम, शनिवारच्या चाचणीत तिला पाचवीचा पेपर द्या," मुख्याध्यापक दुर्गाप्रसाद सर म्हणाले. "बेरजा करेल. पास होईल. अपने को भी झंझट नहीं."

दाराशी उभ्या गुंजननं ते ऐकलं. "मले पाचवीचा नाई पायजे, सर. मी आठवीत आहो ना? तं आठवीचाच द्या."

सर मॅडमकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. शनिवारपर्यंत तुमचे चार दिवस. नाही जमलं तर माझा कागद."

पुष्पांजली मॅडमनी त्याच दिवशी मधल्या सुट्टीत घातांकांचा सरावसंच नव्यानं मांडला. पाच रंग, बाण, चौकटी, कोपऱ्यात सगळे नियम, वर हसरा सूर्य. सजवून सजवून कागद नवरीसारखा केला.

गुंजननं तो हातात घेतला, फिरवला, परत ठेवला. "मॅडम, हा तं आठवडी बाजार झाला. मी कुठं पाहू?"

मॅडमना लागलं. पण पोर खोटं बोलत नव्हती. आपण कागद तिच्यासाठी केला, पण तिला विचारून कुठं केला? त्या बाकावर तिच्याशेजारी बसल्या.

"बरं, तू सांग. तीनचा चौथा घात बारा काऊन झाला?"

"तो वरचा चार लहान आहे ना, तो खाली उतरून येते. मंग दोघं भेटले का गुणाकार." गुंजननं ओठ चावला. "आन् घात कायले मनतेत? घात तं धोका होय. तो शब्द आयकला का मले भेवच लागते."

बारा वर्षं मॅडम हा शब्द शिकवत होत्या, एकदाही त्यांच्या कानाला टोचला नव्हता.

"तुझी आई धानाच्या रोवणीला जाते, तेव्हा शेतातल्या एका बांधीत किती खेपा चिखल करतात?"

"तीन डाव."

"मग हा वरचा आकडा फक्त तेवढंच सांगतो. किती डाव."

दुसऱ्या दिवशीचा कागद पांढराफटक होता. वीसऐवजी सहाच गणितं, एका पानावर दोन, प्रत्येक आपल्या चौकटीत. पाया निळा, वरचा आकडा लाल आणि पायाएवढाच मोठा, पण चांगला उंचावर. चौकटीत दोनच प्रश्न: कोण? किती डाव? पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं: दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात. त्याखाली तीन वेळा दोन, मग चार वेळा दोन, सुटे मांडलेले. मोजले तर सात. कोण? दोन. किती डाव? सात. दुसऱ्या गणितात शेवटची ओळ रिकामी, तिसऱ्यात दोन ओळी. सहाव्यापर्यंत नुसती चौकट. उत्तर घातातच ठेवायचं, किंमत काढायची नाही. शिकायचा होता नियम, पाढा नव्हे.

"ह्या बांध्या होत!" गुंजन म्हणाली. तिनं चौकटीच्या रेघेवरून बोट फिरवलं. "हा धुरा. आतलं पाणी आतच राहते."

गुणाकारात दोन्हीकडे पाचच असेल तर डाव मिळवायचे, हे तिनं बुधवारी स्वतः शोधलं. भागाकारात वरचे-खालचे सारखे पाच जोडीनं खोडले की डाव कमी होतात, हे गुरुवारी. दोन आणि पाच शेजारी आले तेव्हा पेन्सिल थबकली. "मॅडम, कोण येगळा आहे. या दोघायचे डाव नाई मिळवत."

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

शनिवारी प्रश्न सगळ्यांना तेच. गुंजनच्या कागदावर फक्त मोठं अक्षर आणि कोऱ्या बांध्या. दुर्गाप्रसाद सर पाचवीचा पेपर घडी घालून खिशात घेऊन आलेच होते.

शेवटचा प्रश्न: दोनचा तिसरा घात, त्याचा पुन्हा दुसरा घात. वर्गात पहिला येणाऱ्या पीयूषनं क्षणात पाचवा घात लिहिला. त्याच्याकडे बघून अर्ध्या वर्गानंही.

गुंजन पुटपुटत होती. "कोण? दोन. तीन डाव. आन् हा आख्खा गट पुन्हा दोन डाव." तिनं बांधीत तीन वेळा दोन लिहिला. खालच्या ओळीत पुन्हा तीन वेळा. बोट ठेवून मोजले. दोनचा सहावा घात.

पेपर तपासून झाल्यावर मॅडमनी तिलाच फळ्याशी बोलावलं. तिनं दोन ओळी मांडल्या, मोजल्या. कोणी हसलं नाही.

पीयूष उठला. "मी तं तीन आन् दोन मिळवले! मॅडम, मलेबी हा बांधीवाला कागद द्या ना."

"मलेबी!" मागून तीन-चार आवाज.

"गुंजन, दहापैकी आठ," सर गुणपत्रिका बघत म्हणाले. मग खिशातला पेपर काढून घडी उलगडली आणि कोरी पाठ मॅडमपुढे धरली. "इसके पीछे छाप दो. पूर्ण वर्गासाठी."

"पण सर," गुंजन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सूर्य नका काढू मनून सांगा मॅडमले."