साडेपाचची वेळ

बुकिंगच्या टेबलावरच्या ताईंचं साहेबांबद्दलचं मत एका वाक्यात मावायचं: या माणसाला खुर्ची दिली, पण अक्कल द्यायची राहून गेली. फ्रिज-वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा हा शाखाप्रमुख! ग्राहक घरी कधी असतो आणि घरी असून झोपलेला कधी असतो, यातला फरक त्याला आजवर कुणी शिकवला नव्हता, आणि स्वतःहून शिकायचं म्हणजे कमीपणा.

गेल्या आठवड्याचंच बघा ना. रात्रपाळीला ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्या एकाचा फ्रिज बिघडला. साहेबांनी स्वतः वेळ दिली, दहा ते दोन. "रात्री कामाला असतो म्हणजे दिवसभर मोकळाच की!" तो बिचारा रात्रभर गाडी चालवून आलेला, मेकॅनिकची वाट बघत डोळे ताणून बसला. मेकॅनिक उगवला पावणेदोनला, आणि पार्ट मागवावा लागेल म्हणून परत गेला. पुढची वेळ साहेबांनी त्याच्या सुट्टीच्या दिवशी दिली, सकाळी अकराची, आणि तीही फुकट गेली. कपाळ! रात्रपाळीवाल्याची सुट्टी सकाळी सुरू होते ती अंथरुणात. आदल्या रात्रीची ड्यूटी त्याच्या अंगावरून उतरलेलीच नसते.

काल संध्याकाळी तो ड्यूटीवर जाता जाता काउंटरवर आला. आरडाओरडा नाही, काही नाही. ताईंना तेच जास्त लागलं.

"ताई, काल सिग्नलला माझा डोळा लागला. मागे पेशंट होता," तो म्हणाला. "आता पुन्हा झोपमोड झाली तर मी गाडीला हात लावणार नाही. आणि आणखी एक खाडा झाला तर मला काढतील, तसं लेखी दिलंय त्यांनी."

"किती वाजता उठता?" ताईंनी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

"नऊला झोपतो, साडेचार-पाचला उठतो. बायको दिवसपाळीला असते, दार उघडायला दुसरं कुणी नाही. मोबाइल बंद ठेवता येत नाही, मुलीच्या शाळेतून फोन येऊ शकतो. काही कळवायचं असलं तर मेसेज टाका. उठल्यावर बघेन."

आज सकाळी ताई पदर खोचून साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"साडेआठची द्या की," साहेब म्हणाले. "घरी आला की लगेच काम. मग झोपू दे खुशाल."

"आपला माणूस साडेआठ म्हटल्यावर साडेआठला कधी गेलाय? तो दहाला जाईल, आणि हा दहापर्यंत ताटकळेल. संध्याकाळी साडेपाचची वेळ द्या. त्याची झोप झालेली असेल, आणि ड्यूटीला अजून अवकाश असेल."

"साडेपाच म्हणजे मेकॅनिकची घरी जायची वेळ."

"मग आज त्याला उशिरा बोलवा. दुपारी आपला आपोआप जाणारा फोन असतो ना, 'आमचा प्रतिनिधी येत आहे', तोही बंद करायचा. आणि मेकॅनिकने वेळेआधी जाऊन बेल वाजवायची नाही."

साहेब नाकाने कांदे सोलत राहिले. एका फ्रिजसाठी एवढे लाड? पण ताईंनी सिग्नलची गोष्ट सांगितली, 'मुख्य ऑफिसला कळवू का' असंही विचारलं, आणि साहेबांनी निमूटपणे होकार दिला. पुचाट माणूस! ताई बाहेर आल्या त्या गड जिंकल्यासारख्या. मेकॅनिकला दम भरला, आपोआप जाणारा फोन स्वतः बंद करून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला साग्रसंगीत सगळं ऐकवलं, साहेबांच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. दोघी पोट धरधरून हसल्या.

डबा उघडण्यापूर्वी ताईंना वाटलं, अहो, ज्याच्यासाठी एवढी भांडले त्याला तरी कळू दे. त्यांनी फोन लावला.

रिंग बराच वेळ वाजली.

"हॅलो, फ्रिज सर्व्हिसमधून बोलतेय! काही काळजी करू नका. आज साडेपाचलाच माणूस येईल. सगळ्यांना ताकीद दिलीये, तुमच्या झोपेत कुणीही फोन करायचा नाही!"

पलीकडून झोपेने जड झालेला आवाज आला.

"शाळेतून आहे का?" तो म्हणाला. मग भानावर येत, "ताई तुम्ही होय? किती वाजलेत?"

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. साहेबांना दिलेल्या सगळ्या शिव्या त्यांना एकदम आठवल्या, आणि त्यातली प्रत्येक आता स्वतःलाच लागू पडत होती.

"झोपा, झोपा तुम्ही. मी ठेवते," त्या कशाबशा म्हणाल्या.

"आता नाही लागायची. आज ड्यूटी तीन तास उशिरा सुटली, आत्ता कुठे डोळा लागला होता." त्याच्या आवाजात राग नव्हता. "कामावर कळवतो, आज येत नाही म्हणून."

"अहो, पण ते तुम्हाला..."

"हो, काढतील."

केबिनच्या दारातून साहेब विचारत होते, गिऱ्हाईक खूश झालं का.

"त्या मेकॅनिकला उगाच थांबवू नका," तो म्हणाला. "आता उद्यापासून सकाळची वेळ दिलीत तरी चालेल मला."