सासरहून आणायचा राहिलेला ग्राइंडर

तिघांनी कामाला जाऊ नये म्हणून मला चौथा धरून नेलं. पूंगोडी, तिची आत्या पावात्ताळ, टेम्पोवाला आणि मी. मी त्यांचा शेजारी, गिरणीतून निवृत्त झालेला हिशेबनीस. कमी बोलतो आणि बाकी सगळं लक्षात ठेवतो, असा आमच्या गल्लीत माझा लौकिक आहे. पहिली गोष्ट खरी नाही.

पूंगोडी पोंगलला माहेरी आली ती परत गेलीच नाही. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याने मारलं नव्हतं, सासूने उपाशी ठेवलं नव्हतं. दोन्ही घरांच्या बायकांना कसला तरी ठपका ठेवायचा होता आणि सापडत नव्हता. शेवटी वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं, की लग्नातलं दिलेलं सामान परत यावं आणि विषय मिटावा. सामान आलं. पलंग, कपाट, नाव कोरलेली पितळी भांडी. इडलीचं पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर तेवढा आला नाही. त्याच्या जागी खोक्यातला नवाकोरा मिक्सर आला. मुलगी आता एकटी, तिला मिक्सर पुरे, असा सासूचा निरोप होता.

पावात्ताळ त्या खोक्याकडे बघून म्हणाली, की हत्ती ठेवून घेऊन शेळी पाठवली आहे. मग ती खोकं टेम्पोत टाकून आम्हा सगळ्यांना सूलूरला, पूंगोडीच्या सासरी, घेऊन निघाली. ग्राइंडर आला की सगळं संपलं, असं ती वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होती. पूंगोडी खिडकीबाहेर बघत होती. संपावं की संपू नये, हे तिच्या चेहऱ्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दारापाशी पोचलो तर आतून घरघर ऐकू आली. ग्राइंडर चालू होता.

सासू, तुळसियम्माळ, पदर खोचून बाहेर आली आणि आम्हाला बघून आश्चर्य वाटल्यासारखं तिने केलं. बरं वाटलं आलात, म्हणाली, पण आत्ताच उडीद डाळ घातली आहे. भरलेला ग्राइंडर कसा उचलायचा? बसा, कॉफी घ्या.

तिचं म्हणणं खरं होतं. दगडाचं पाळं, दगडाचा वरवंटा, रिकामं असतानाच दोघांना जेमतेम उचलतं. आणि अर्धं वाटलेलं पीठ खाली ओतून घ्या, असं शत्रूच्या घरीही कुणी म्हणत नाही. आम्ही बसलो. मी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी भिजवलेल्या तांदळाची बादली होती. तिच्यामागे, दोरीवर टाकलेल्या साडीच्या आडोशाला, आणखी एक पातेलं डाळ आणि आणखी एक बादली तांदूळ. घरात खाणारी माणसं दोन. आई आणि मुलगा. आम्ही येणार हे तुळसियम्माळला कुणीतरी कळवलं होतं, आणि पाळ्यात काही ना काही आहे तोवर ते घराबाहेर जाणार नाही, हा हिशेब तिने माझ्याआधी केला होता.

पूंगोडीचा नवरा दंडपाणी खोलीतून आला, मान हलवली आणि दाराशी टेकून उभा राहिला. तो माणूस बोलत नाही. रागाने नाही. त्याला बोलावं लागतं हे माहीतच नाही.

आमच्याकडे आत्यालाही अत्तै म्हणतात आणि सासूलाही अत्तै. त्या संध्याकाळी पूंगोडीने कुणालाच हाक मारली नाही, त्यामुळे गोंधळ झाला नाही.

कॉफी अर्ध्यावर असताना ग्राइंडरचा आवाज बदलला. डाळ कडेने वर चढून बसली होती आणि वरवंटा कोरडाच घसरत होता. तुळसियम्माळला ऐकू आलं असणार. ती हलली नाही. पूंगोडी उठली. विचार करून उठली असं वाटलं नाही, पापणी लवते तसं. तिने हात धुतला, गार पाण्याचा हबका मारला, कडेचं पीठ तळव्याने खाली ढकललं. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाणी, पुन्हा तळवा. पीठ फुगत वर आलं. वाटीतल्या पाण्यात तिने पिठाचा थेंब टाकला, तो तरंगला, तेव्हा तिने डाळ काढून घेतली आणि तांदूळ घातले.

"बघा," तुळसियम्माळ मला म्हणाली, मुद्दाम मोठ्याने. "हाताला ओळख असते. माझ्या हाताचं पीठ हल्ली फुगतच नाही."

"मग सुनेला हात म्हणून ठेवलं होतं का?" पावात्ताळने विचारलं.

पूंगोडीने दोघींकडे पाहिलं नाही. तांदूळ रव्याइतका झाला की नाही ते चिमटीत धरून बघत होती. मला वाटलं, गेली ही. आता दुसरं पातेलं येईल, ते होईतो रात्र होईल, जेवून जा म्हणतील, आणि टेम्पो रिकामा परत जाईल. पावात्ताळलाही तेच वाटलं असावं. तिचा कॉफीचा पेला ओठांपाशीच राहिला होता.

तांदूळ निघाले. तुळसियम्माळने लगेच साडीमागून दुसरं पातेलं काढून पुढे सरकवलं, आवाजात लाड आणून. "एवढंही घे, कण्णु. एकदाच होऊन जाईल."

पूंगोडीने पातेलं हातात घेतलं. ते ओट्यावर ठेवलं. मग टेम्पोवाल्याला म्हणाली, खोकं आणा.

तिने मिक्सर ओट्यावर मांडला, दुसऱ्या पातेल्यातली मूठभर डाळ भांड्यात घातली, माठातलं पाणी घातलं. फिरवला, थांबवला, झाकण काढून भांड्याला बाहेरून हात लावला, पुन्हा फिरवला. "थोडी थोडी घाला," ती म्हणाली. "थांबत थांबत फिरवा. एकदम फिरवलंत तर पीठ तापतं."

"मिक्सरच्या पिठाची इडली बसते," तुळसियम्माळ म्हणाली. तिचा आवाज आता लहान झाला होता. "दंडपाणीला चालत नाही."

"मग डोसे करा."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. कुणी पत्ता विचारावा आणि सांगावा, तसं ती म्हणाली. पाळं धुतलं, धुवणाचं पाणी पिठातच ओतलं, वरवंटा काढून गोणपाटावर ठेवला. ग्राइंडरमध्ये वाटलेली डाळ आणि तांदूळ एका पातेल्यात घातले, वर मीठ टाकलं. आणि हात मागे घेतला.

कालवायचं तेवढं राहिलं होतं. तुळसियम्माळ बसूनच राहिली. तेव्हा दंडपाणी पुढे आला, बाही वर करून त्याने पातेल्यात हात घातला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच घातला असावा. घड्याळ काढायचं राहून गेलं होतं.

"एवढं पुरे?" त्याने विचारलं.

"अजून. तळापासून."

तो तळापासून कालवत राहिला. तिने क्षणभर पाहिलं आणि वरवंट्याचं गोणपाट उचलून बाहेर गेली. दंडपाणीचा हात पिठात असल्यामुळे पाळं टेम्पोवाल्याबरोबर मला उचलावं लागलं. माझी कंबर त्याची अजून आठवण काढते.

परतीच्या वाटेवर पावात्ताळ जिंकल्यासारखी बोलत होती. सिंगानल्लूरच्या वळणावर तिने पूंगोडीचा हात धरला. कोपरापर्यंत पीठ वाळून पांढरं झालं होतं. काय होतंय तुला, काहीतरी बोल, असं तिने विचारलं.

पूंगोडीने हाताकडे पाहिलं. "तांदूळ जरा जास्तच बारीक झाला," ती म्हणाली.