सात पॉइंट आठ मिलिमीटर

एलॉयचा फोन दर रविवारी सकाळी यायचा, आणि फक्त दोघांच्या संशोधनाच्या पेपरबद्दल यायचा. नार्सिसाला हे ठाऊक होतं, ती काही दूधखुळी नव्हती. तरी शनिवारी संध्याकाळी ती न विसरता फोन चार्जिंगला लावायची.

नऊ वर्षं दोघांनी मिळून गालापागोसच्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. मग एलॉय बेटं सोडून मुख्य भूमीवर ग्वायाकिलला गेला, लग्न करून कॉलेजात शिकवू लागला. ती सांता क्रूझ बेटावरच्या पोर्तो आयोरा गावातच राहिली. मनातलं त्याला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगण्यात अर्थ नव्हता. उरला होता चार पानांचा पेपर. दोघांची नावं शेजारी शेजारी असलेली जगातली ती एकच गोष्ट.

पेपरातला दावा साधा होता. पलीकडच्या छोट्या बेटावर फक्त लहान फिंच राहतो, त्याच्या चोचीची जाडी सरासरी साडेसात मिलिमीटर. इकडे सांता क्रूझवर त्याचा भाऊबंद, मध्यम फिंच, मोठ्या बिया फस्त करतो, लहानाला बारीक बियाच उरतात. इथल्या लहान फिंचची सरासरी सात पॉइंट एक. म्हणजे भाऊबंदांच्या चढाओढीत एकाची चोच पिढ्यान्‌पिढ्या बारीक होत गेली. पेपर स्वीकारला गेला होता, शुक्रवारपर्यंत शेवटची तपासणी करून पाठवायचा होता.

मंगळवारी बोटीनं एक खोकं आलं. एलॉयनं घर आवरताना सापडलेल्या वह्या धाडल्या होत्या, त्यात घरट्यांची वहीही होती. कोणत्या घरट्यातल्या कोणत्या पिल्लाच्या पायात कोणत्या नंबरची कडी घातली, ते सगळं त्याच्या किरट्या अक्षरात. अक्षर बघायला मिळतंय म्हणूनच ती वाचत बसली, खोटं कशाला बोला.

कडी नंबर ४१७. निवडुंगातलं घरटं, आईबाप दोन्ही लहान फिंच. हा नंबर तिनं कुठंतरी पाहिला होता. तिनं मोजमापांची यादी काढली. वर्षभरानं तोच पक्षी जाळ्यात सापडलेला, चोच आठ पॉइंट एक, आणि पुढं तिच्याच हातानं लिहिलेलं: मध्यम.

सांता क्रूझवर दोन्ही जाती सारख्याच दिसतात, म्हणून पहिल्याच वर्षी तिनं नियम केला होता की सात पॉइंट आठच्या वर चोच असेल तर मध्यम. लहान फिंचच्या घरट्यांतली चौदा पिल्लं पुढं सापडली होती, त्यातली चार तिनं मध्यमांत ढकलली होती. छोट्या बेटावर मात्र दुसरी जातच नाही, तिथं जाड चोचीचेही सगळे लहानांतच धरलेले. तिनं तोच नियम छोट्या बेटाच्या यादीला लावून पाहिला. सात पॉइंट आठच्या वरचे काढले, तर सरासरी साडेसातावरून सात पॉइंट दोनवर आली. फरक जवळजवळ संपला. चढाओढ पक्ष्यांनी केली असेल-नसेल, चाळणी मात्र तिनं लावली होती.

बुधवारी तिनं आपणहून फोन केला.

"आज बुधवार!" एलॉय म्हणाला. "कोण गेलं?"

"आपला पेपर."

तिनं सगळं सांगितलं.

"अगं, चारच पक्षी आहेत. काढून टाक."

"घरट्यातल्या कड्या चौदांनाच होत्या रे. बाकी तीनशेंच्या आईबापांचा पत्ता कोणाला आहे?"

"तिथं एकटी राहून राहून तुझीच चोच जाड झालीये," तो म्हणाला. मग उसासा टाकला. "बरोबर आहे तुझं. मागे घे. माझाही होकार कळव."

"नव्यानं मोजता येईल. आधी गाणं ऐकून, रक्त तपासून जात ठरवायची, चोच शेवटी. दोन हंगाम लागतील." मग तिनं विचारलं, "येशील?"

"बायकोला सातवा महिना लागलाय, नार्सिसा."

"अभिनंदन," ती म्हणाली. मनापासून म्हणता आलं नाही याची तिला लाज वाटली.

"रविवारी फोन करतो," तो म्हणाला, आणि मग स्वतःच अडखळला. "पण आता... बघू या."

"बघू या."

शुक्रवारी तिनं पेपर मागे घेतल्याचं पत्र धाडलं. कोणी विचारलं नसतं, कोणाला कळलंही नसतं. पण तीनशेच्या वर पक्षी तिनं हातात धरले होते, आणि त्यांच्या नावावर खोटं खपवायचं तिला जमलं नाही.

रविवारी ती दहापर्यंत घरात थांबली. मग जाळी उचलून निघाली. निवडुंगावर एक नर गात होता, त्याचं गाणं टिपून घेतलं, मग त्याला पकडलं. दोघं असताना एक जण मोजायचा आणि दुसरा लिहायचा, म्हणून त्यांच्या छापील तक्त्यात शेवटी दोन रकाने होते. पक्षी सोडून दिल्यावर तिनं 'मोजणारा'खाली आपलं नाव लिहिलं. 'लिहिणारा'खाली पेन थोडा वेळ थांबलं, आणि मग तिथंही तिनं आपलंच नाव लिहिलं.