काळ्या प्लेटवरची मरून पत्रिका

काकांनी लग्नपत्रिका आईच्या हातात कोंबली आणि दारातूनच म्हणाले, "सगळ्यांची नावं ठसठशीत, माझंच तेवढं पुसट? नको असेन तर तोंडावर सांगा की!"

आईने "भावजी, आत तरी या" म्हणून पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. रिक्षा करून बाजव्याला, आपल्या घरी, निघूनही गेले.

लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं, रूपालीचं. आमचे बाबा गेल्या वर्षी गेले. कन्यादानाला पाटावर बसायला आता धनाजीराव काकाच, बाबांचे थोरले भाऊ. रूपालीने स्पष्ट सांगितलं होतं, "काका बसले तर बसले, नाहीतर मामाबिमा कुणी नको." आणि बाबांच्या तेराव्यानंतर काका आमच्या घरात शिरलेलेच नव्हते. का, ते कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अशात ही पत्रिका.

आता गंमत बघा. मी, मृदुला, रावपुऱ्यात एका छापखान्याचं डीटीपी सांभाळते. लोकांच्या पत्रिका, बिलबुकं, औषधांची खोकी, सगळं माझ्या हाताखालून जातं. आणि सख्ख्या बहिणीच्या पत्रिकेला मला हात लावू दिला नाही! का, तर होणाऱ्या जावयाला, कुणालला, ती स्वतः करायची हौस. "ताई, तुम्ही फक्त पीडीएफ छापून आणा." आणली. माझीच मती गेली होती, आधी उघडून बघितली नाही.

काका गेल्यावर पत्रिकेला भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. कुणालने अक्षरांसाठी मरून रंग निवडला होता, तो चारही शाया मिसळून तयार होणारा. म्हणजे एकेक अक्षर, दर शाईची एक अशा चार वेगवेगळ्या प्लेटांवर, आणि चारही प्लेटा कागदावर बरोब्बर एकावर एक पडल्या तरच ते नीट दिसणार. कागद थोडा ओढला जातो, यंत्र थोडं हलतं, केसाएवढा फरक पडतोच. रूपाली आणि कुणालची नावं बोटभर मोठी, त्यांना काय धाड भरणार? पण खाली बारीक अक्षरातली नावं! एका कडेला गुलाबी, दुसरीकडे निळसर, मात्रा दोन-दोन. त्यात अक्षरांमागच्या पिवळ्या जमिनीत प्रत्येक अक्षराची जागा कोरी सोडलेली, म्हणून कडेकडेने पांढरी रेघ. आणि त्या बारीक यादीत सगळ्यात वर कोण? काका.

कुणालला फोन लावला. "पण ताई, स्क्रीनवर तर एकदम शार्प आहे."

"स्क्रीनवर छापतात का रे पत्रिका?"

उपाय साधा होता. बारीक अक्षर शुद्ध काळं ठेवायचं, नुसत्या काळ्या प्लेटवर, बाकी तिन्ही शून्य. आणि त्याला ओव्हरप्रिंट द्यायचं, म्हणजे खालची पिवळी जमीन अखंड छापली जाते आणि काळं तिच्यावर बसतं. एकाच प्लेटवरचं अक्षर, सरकायला दुसरं कोण आहे? जमीन अखंड, मग पांढरी फट येणार कुठून? रोजचं काम आहे आमचं.

हे मी आईला उत्साहाने सांगितलं. आई माझ्याकडे बघतच राहिली.

"काळी अक्षरं? लग्नाच्या पत्रिकेत? अगं, शुद्धीवर आहेस का? वर्षापूर्वी तसलं कार्ड छापलंय या घराने."

मी चिडले. म्हणाले, शाई ती शाई, तिला काय कळतंय लग्न की मयत. आणि मग आईचे डोळे भरलेले पाहून स्वतःवरच चिडले. तिचंही खरं होतं. बाबांचं ते कार्डही मीच बसवलं होतं.

आमचे मशीनमन विश्वंभरदादा. त्यांच्यापुढे दुसऱ्या दिवशी मी धुसफुसत होते, "काळं चालत नाही आणि मरून नीट लागत नाही, करू तरी काय?" बोलता बोलताच माझं लक्ष यंत्रावर गेलं. यंत्रात दर शाईचं युनिट वेगळं, पण काळ्याच्या युनिटमध्ये काळीच शाई पाहिजे असं कुठं लिहिलंय? प्लेटला रंग नसतो. फाइलमध्ये शुद्ध काळं ठेवायचं आणि त्या युनिटमध्ये डब्यातली तयार मरून शाई घालायची! फक्त पत्रिकेवरच्या गणपतीच्या चित्रातला काळा काढून ते तीन रंगांत बसवायला हवं, नाहीतर गणपतीच्या सावल्याही मरून होतील.

"म्हणजे अख्खं युनिट धुवायचं," विश्वंभरदादा म्हणाले. "काळ्याचा थेंब राहिला की मरूनची वाट लागली."

"धुवा ना दादा. घरचं कार्य आहे."

"घरचंच बरं नेमकं आडवं येतं," असं पुटपुटत त्यांनी चिंध्या शोधायला घेतल्या.

गणपती मी बसवला. अक्षरं कुणालच्या फाइलमध्ये, म्हणून त्याला फोनवर समजावलं. संध्याकाळी त्याची नवी पीडीएफ आली, खाली लिहिलेलं, "डन ताई!" या वेळी मी उघडली. रंग वेगवेगळे बघायच्या खिडकीत काळा बंद केला. नुसता काळा असेल तर अक्षरं साफ नाहीशी व्हायला हवीत. कसली नाहीशी! करड्या भुतासारखी तिथेच. पठ्ठ्याने स्क्रीनचा काळा घेतला होता, आणि पीडीएफ करताना त्याचे पुन्हा चार रंग झाले होते. माझा संताप संताप झाला.

"कुणाल, मूळ फाइल घेऊन इथे ये. आत्ता. स्कूटर काढ."

आला बिचारा, घामाघूम. शेजारी बसवून त्याच्याकडूनच करून घेतलं. काळा शंभर, बाकीचे शून्य, ओव्हरप्रिंटवर खूण. पुन्हा पीडीएफ, पुन्हा काळा बंद. पडद्यावर फक्त पिवळी जमीन आणि गणपती. एक अक्षर नाही, एक भोक नाही.

"ओह," कुणाल म्हणाला. नंतर हळूच, "काका येतील ना, ताई?"

"मला काय माहीत!" मी खेकसले. खरंच माहीत नव्हतं.

छपाई सुरेख झाली. पिवळ्यावर मरून थोडा तांबूस आला, आईला तर तोच आवडला. बारीकात बारीक मात्रा सुईने काढल्यासारखी. शाई वाळल्यावर पहिली पत्रिका घेऊन मी एकटीच बाजव्याला गेले. वाटेत भांडणाची सगळी तयारी केली होती. तुमच्या एका नावापायी सगळी पत्रिका परत छापली, आता तरी रुसवा सोडा, असं सुनावायचंच होतं.

काकांनी चष्मा लावला. मी बोट ठेवून दाखवलं, "हे बघा तुमचं नाव. पहिलं. आता तरी पुसट नाही ना?"

त्यांनी तिकडे बघितलंच नाही. नजर वरच्या ओळीवर अडकली होती. तीही बारीकच अक्षरात, मागच्या वेळी तिचाही चिखल झाला होता. ‘कै. रमाकांत यांची द्वितीय कन्या’. ओठ हलले, आवाज आला नाही. ‘कै.’वरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, जणू पुसून निघेल.

भांडायचं ते मी विसरूनच गेले.

"धाकटा होता गं माझ्याहून," ते म्हणाले. "त्या घरात त्याची खुर्ची रिकामी बघवत नाही मला. म्हणून दारातून फिरतो."

मी पत्रिका परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती सोडली नाही.

"हे एवढं स्वच्छ छापायला नको होतं, मृदुला."

चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला, डोळेही पुसले. मग काकूंना आत हाक मारली, "ऐकलंस का, तुझा शालू काढून ठेव. पाटावर आपल्याला बसायचंय."