काकूंच्या पर्समधली रिंग

भांड्यांच्या गोदामात सगळे त्यांना काकू म्हणत. मालकही काकूच म्हणायचा, आणि तो वयाने त्यांच्याहून चांगला मोठा होता. ऑनलाइन विकायच्या प्रत्येक भांड्याची माहिती लिहायचं काम काकूंकडे होतं, आणि त्यात त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

त्या दिवशी टेबलावर दोन कुकर मांडलेले होते. एक पाच लिटरचा अॅल्युमिनियमचा, दुसरा तीन लिटरचा स्टीलचा. मालकाने पाच लिटरवाल्यावर टिचकी मारली.

“लिहा, सगळ्या शेगड्यांवर चालतो.”

काकूंनी पर्समधून चुंबक काढलं आणि कुकरच्या बुडाला लावलं. ते चिकटेचना. मग स्टीलच्या कुकरला लावलं, तर टक्कन चिकटलं.

“गॅसवर चालेल, कॉइलच्या शेगडीवर चालेल. बुडाला चुंबक चिकटत नाही, म्हणजे इंडक्शनवर हा ढिम्म तापणार नाही,” काकू म्हणाल्या. “मी लिहीन खरं, मग गिऱ्हाइकाच्या शिव्या तुम्ही खा.”

“अहो काकू, थोडं इकडेतिकडे…”

“काही नाही इकडेतिकडे. आणि पाच लिटर म्हणजे पाच लिटर शिजत नाही, तेही लिहिणार. दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, डाळ असेल तर अर्धाच. फेस वर येऊन व्हॉल्व्ह तुंबला की माणसं आपल्याच नावाने खडे फोडतात.”

मालक हात जोडून निघून गेला. काकूंनी लिहिलेला माल परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

अशी ही खरं बोलणारी बाई. आणि याच बाईच्या पर्समध्ये, चुंबकाच्या शेजारी, एक नवीकोरी रबरी रिंग कागदात गुंडाळून पडली होती. कुकरच्या झाकणात बसते ती. लेकीच्या कुकरची, अगदी त्याच कंपनीची आणि त्याच मापाची.

लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. जाताना काकूंनी तिला तीन लिटरचा अॅल्युमिनियमचा कुकर दिला होता. नवरा गेल्यापासून घरात दोघीच होत्या, मग एकच उरली. पाच लिटरच्या कुकरात आता काकू आपला मूठभर भात लावत. लहान कुकर घ्यायला काही हरकत नव्हती, गोदामात ढीग पडले होते. पण तो घेतला की आपण एकट्याच आहोत हे कायमचं ठरून जाईल, असं त्यांना वाटे.

सुरुवातीला लेकीचे फोन यायचे, मग विरळ झाले. काकूंनी केला की “मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते” आणि ते नंतर काही यायचं नाही. पण एका रविवारी तिचा आपणहून फोन आला.

“आई, कुकरची शिट्टीच होत नाहीये. झाकणाच्या कडेने वाफ जातेय.”

“रिंग सैल पडली असेल. गार पाण्यात बुडवून ठेव जरा, मग लाव.”

तिने तसं केलं आणि शिट्टी झाली. शिट्टी होईपर्यंत दोघी बोलत राहिल्या. काकूंचा तो आठवडा कसा सुरेख गेला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. दुसऱ्या दिवशी काकूंनी गोदामातून रिंग विकत घेतली, पर्समध्ये टाकली आणि पोस्टात जायचं लांबवलं. आज ऊन आहे, आज पाय दुखतोय. खरं कारण त्यांना पक्कं माहीत होतं. लेक एकदा म्हणालीसुद्धा, “नवी रिंगच घेऊ का गं?” आणि काकू चटकन म्हणाल्या, “कशाला? अजून चालेल.” फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण दर रविवारी फोन यायचा.

आता पाच लिटरवाल्याच्या माहितीत रिंगची ओळ लिहायची वेळ आली, तेव्हा काकूंचा हात अडला. मग लिहिलं: ‘रिंग कडक झाली, चिरली किंवा सैल पडून कडेने वाफ जाऊ लागली की बदला. गार पाण्यात बुडवणं हा तात्पुरता उपाय आहे, त्यावर विसंबू नका. रिंग त्याच कंपनीची आणि त्याच मापाची घ्या.’ परक्या माणसांना सगळं खरं सांगून झालं.

लेकीलाही खरं सांगायला त्यांनी फोन उचलला तोच तो वाजला. लेकीचा होता, आणि रविवार नव्हता.

“आई, कुकर गेला. शिट्टी होईल म्हणून मी बाहेरच्या खोलीत वाट बघत बसले. सगळं पाणी वाफ होऊन कडेने गेलं. आतला भात कोळसा झाला, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला, घरभर धूर. आता काय बुडवू पाण्यात?”

“तुला भाजलं नाही ना?”

“नाही.”

“चूक माझी आहे. रिंग बदलायलाच हवी होती. नवी रिंग माझ्या पर्समध्ये आहे.”

“कधीपासून?”

“दुसऱ्यांदा तुझा फोन आला ना, तेव्हापासून.”

“मग पाठवली का नाहीस?”

“पाठवली असती तर तू फोन कशाला केला असतास?”

लेक म्हणाली, “ठेवते,” आणि तिने ठेवला.

रविवार आला आणि गेला. काकूंनी स्वतःहून फोन केला नाही, तेवढं तोंड त्यांना उरलं नव्हतं. त्यांनी पाच लिटरच्या कुकरात मूठभर भात लावला आणि तोही अर्धा टाकून दिला.

पुढे एका सकाळी पॅकिंगच्या टेबलावर एक ऑर्डर आली. तीन लिटर, स्टील, इंडक्शनवर चालणारा. चिठ्ठीवर लेकीचं नाव आणि नवा पत्ता. लेकीने घर बदललं होतं आणि आईला हे चिठ्ठीवरून कळत होतं. नव्या घरात गॅस नसणार, म्हणून इंडक्शनचा. कुठला घ्यावा हे विचारायला तिने फोन केला नव्हता. विचारायचं काय होतं? सगळं काकूंनीच लिहून ठेवलं होतं, आणि कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

काकूंनी खोका स्वतः भरला. बुडाला चुंबक लावून पाहिलं, झाकण लावून उघडून पाहिलं. मग रॅकवरून या कुकरच्या मापाची जादा रिंग आणली. ती हातात घेऊन क्षणभर उभ्या राहिल्या. ही गेली की पुढची कितीतरी वर्षं विचारायला काही उरणार नाही. त्यांनी रिंग खोक्यात ठेवली आणि वरून पट्टी चिकटवली.

रविवारी संध्याकाळी काकू दिवा न लावता बसल्या होत्या. फोन वाजला.

“कुकर मिळाला,” लेक म्हणाली. “रिंगही मिळाली.”

“बरं झालं.”

कुकर सोडून त्या कित्येक महिन्यांत कशावर बोलल्याच नव्हत्या. तेवढ्यात तिकडे शिट्टी झाली, चांगली खणखणीत. इंडक्शन बंद केल्याचा टिंग असा आवाज आला.

“आई, झाकण कधी उघडू?”

“त्यात लिहिलंय की.”

“वाचलंय. तू सांग.”

“वाफ आपोआप जिरू दे. घाई करू नकोस.”

“मग तोवर काय करू?”

“तोवर बोल,” काकू म्हणाल्या.