परत आलेला फॉर्म

आमच्या हॉस्पिटलचा एक्स-रे आणि सीटी स्कॅनचा विभाग तळघरात होता. तेवीस पायऱ्या. इंटर्नशिपच्या वर्षात त्या मी इतक्या वेळा चढले-उतरले की आजही डोळे मिटले तर कुठली पायरी कोपऱ्याला फुटलेली होती ते सांगू शकेन. खाली उतरलं की मशीनसाठी लावलेल्या एसीचा गारवा अंगावर यायचा, फिल्म धुण्याच्या रसायनाचा आंबट वास यायचा, आणि शेवटच्या खोलीत उजेडाच्या काचेसमोर आमचे रेडिऑलॉजिस्ट सर बसलेले दिसायचे. कानामागे पेन्सिल आणि स्वेटर बाराही महिने.

आम्ही इंटर्न त्यांना पोस्टमास्तर म्हणायचो, कारण ते फॉर्म परत पाठवायचे. तपासणीच्या पिवळ्या फॉर्मवर 'रोगाची माहिती' म्हणून चार ओळींची जागा असायची. आम्ही तिथे दोन शब्द खरडायचो आणि वॉर्डच्या मामांच्या हाती फॉर्म खाली धाडायचो. तासाभरात तो परत यायचा आणि त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'पत्ता अपुरा'. आमचा जळफळाट व्हायचा. "ह्यांना मशीन चालवायला पगार मिळतो की शुद्धलेखन तपासायला?" असं मी मेसमध्ये सगळ्यांदेखत म्हटलं होतं. त्या वयात माणूस आपल्या अज्ञानावर फार छान विनोद करतो.

सर्जरीच्या वॉर्डात माझा तिसरा आठवडा होता. सकाळी अकराच्या सुमारास एक गृहस्थ दाखल झाले. वय अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणीचा. बोटांच्या पेरांवर वाळलेल्या सरसाचे पापुद्रे होते. सोबत बायको होती, हातात कापडी पिशवी, पिशवीत जुने कागद. पहाटे पाचला पोटात अचानक कळ आली, दोनदा उलटी झाली, एकदा जुलाब झाले, आणि तेव्हापासून ते तळमळत होते. एका कुशीवर पाच मिनिटं टिकत नव्हते.

मी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. कुठे कडकपणा नाही, दाबल्यावर ओरडणं नाही. उभा एक्स-रे काढला, त्यात आतडं फुटल्याची हवा दिसत नव्हती. वॉर्डच्या रेसिडेंट ताई ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, मास्क बांधता बांधता म्हणाल्या, "सीटी लिही. रक्त पाठव. मी मोकळी झाले की बघते."

मी लिहिलं, 'पोटदुखी. सीटी पोट. निदानासाठी.' खाली सही ठोकली. मनात म्हटलं, एवढा आकांत करतायत आणि पोट तर लोण्यासारखं मऊ. गॅस असेल.

वीस मिनिटांत मामा फॉर्म घेऊन परत आले. "ताई, पोस्टमास्तरांनी तुम्हालाच बोलावलंय."

मी तेवीस पायऱ्या रागारागाने उतरले. सर एक छातीची फिल्म बघत होते. माझ्याकडे न वळताच म्हणाले, "तुला माझ्याकडून काय हवंय?"

"सर, सीटी."

"सीटी मशीन देतं. माझ्याकडून काय हवंय?"

"पोट का दुखतंय ते."

आता ते वळले. "अगं, अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या पोटात दहा-बारा अवयव असतात, आणि प्रत्येकाला दुखायची हजार कारणं. तुझ्या मनात काहीतरी शंका असेलच ना? ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?"

मनात शंका नव्हतीच, हे सांगायची लाज वाटली. 

त्यांनी खुर्ची ओढून दिली. "हे बघ. आपल्याकडे साधा पोटाचा सीटी म्हणजे आधी पेशंटला दीड तास औषधाचं पाणी पाजायचं. मग शिरेतून फोटोत उजळ दिसणारं औषध देऊन साधारण सव्वा मिनिटाने फोटो. लिव्हर, गाठी, पू यासाठी उत्तम. पण तुला रक्तवाहिनी बघायची असेल तर ते पाणी उलट आड येतं, आणि फोटो फार आधी घ्यावा लागतो, औषध धमन्यांत असतानाच, म्हणजे धमन्यांच्या फेजमध्ये. मुतखडा बघायचा तर औषधच नको. म्हणजे तू काय विचारतेस त्यावर मी फोटो कसा काढायचा ते ठरतं. एकदा चुकीचा काढला की मी कितीही डोळे फाडून बघितलं तरी जे टिपलंच नाही ते मला दिसणार नाही. आता सांग. दुखणं कधीपासून? हळूहळू वाढलं की एकदम?"

"एकदम. पहाटे पाचला."

"पोट हाताला कसं लागतंय?"

"मऊ. म्हणजे… दुखतंय खूप, पण हाताला काहीच लागत नाही." बोलता बोलता मीच अडखळले.

सरांनी कानामागची पेन्सिल हातात घेतली. "नाडी?"

"एकशे दहा."

"आकडा नाही विचारला. नियमित आहे का?"

मी नाडी मोजली नव्हती. सिस्टरने चार्टवर लिहिलेला आकडा वाचला होता.

"जा," सर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण फॉर्म माझ्या हातात जवळजवळ कोंबला. "नाडीवर पूर्ण एक मिनिट बोट ठेव. कुठली औषधं चालू आहेत, कुठली बंद केली, विचार. पळ. तोवर मी टेबल रिकामं करून ठेवतो."

मी पळाले. गृहस्थांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघितलं. दोन ठोके लागोपाठ, मग खड्डा, मग तीन, मग पुन्हा खड्डा. ताल म्हणून नाहीच. 

"काकू, ह्यांना हृदयाचा काही त्रास?"

"आहे ना. ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून तीन वर्षांपासून रक्त पातळ करायची गोळी आहे."

"रोज घेतात?"

काकूंनी पिशवीतले कागद उगाच वरखाली केले. "दाढ काढायची होती. तेव्हा बंद केली. दोन आठवडे झाले. मग सुरू करायची… राहूनच गेली हो. ह्यांच्याकडे एका शाळेच्या पुस्तकांचं काम होतं, माझ्याही डोक्यातून गेलं." त्यांचे डोळे भरले. "त्यामुळे झालंय का, डॉक्टरताई?"

"आत्ता ते सोडा, काकू. तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं."

ठोके असे पडले की हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून आतड्याच्या धमनीत अडकू शकते, हे पुस्तकातलं वाक्य आत्ता आठवलं. सिस्टरच्या टेबलावर नवा फॉर्म घेतला. काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'वय ६८. पहाटे ५ पासून अचानक तीव्र पोटदुखी, दोन उलट्या, एकदा जुलाब. पोट मऊ, तपासणीच्या मानाने वेदना फारच जास्त. नाडी ११०, अनियमित. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे जुने निदान, रक्त पातळ करणारी गोळी दोन आठवडे बंद. उभ्या एक्स-रेत मोकळी हवा नाही. पूर्वी पोटाचे ऑपरेशन नाही. औषधाची ॲलर्जी नाही. किडनीचा रिपोर्ट यायचा आहे. प्रश्न: आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकली आहे का? असल्यास आतड्याचा रक्तपुरवठा कितपत शाबूत आहे? गुठळी असेल तर आजच ऑपरेशन. तातडीचे.' खाली माझं नाव आणि वॉर्डचा फोन नंबर. चार ओळींची जागा पुरली नाही, समासात लिहावं लागलं.

फॉर्म मामांकडे दिला नाही. थिएटरच्या दारातून रेसिडेंट ताईंना दोन वाक्यांत सांगितलं, आणि स्ट्रेचरबरोबर मीच खाली गेले.

सरांनी फॉर्म उभ्याउभ्याच वाचला. "वा. आता कळलं." टेक्निशियनला म्हणाले, "पाणी पाजू नको. धमन्यांचा फेज घे, मग शिरांचा."

"सर, किडनीचा रिपोर्ट आला नाहीये अजून."

"थांबायचं नाही. ह्या औषधाने किडनीला थोडा धोका आहे, पण आतडं काळं पडलं तर किडनी सांभाळून काय करायचंय? हा निर्णय माझा, मी लिहून देतो."

कंट्रोल रूमच्या काचेआडून बघताना मी हळूच म्हटलं, "सर, माझं निदान चुकलेलं निघालं तर?"

"चुकू दे की. निदान बरोबर असायलाच हवं असं नाही, प्रश्न खरा हवा. चुकलं तर मी 'धमनी मोकळी आहे' असं ठामपणे सांगेन आणि तू दुसरीकडे शोधशील. 'निदानासाठी' म्हणून लिहिलंस तर मी दोन पानं लिहीन आणि ती तुझ्या काहीच कामाची नसतील."

पडद्यावर धमनी उतरत आली, पांढरीशुभ्र, आणि उगमापासून काही सेंटीमीटरवर एकदम तुटली. पुढे राखाडी. सरांनी पेन्सिलीचं टोक तिथे टेकवलं. मग फोन उचलून थेट थिएटरला लावला. "गुठळी आहे. आतड्याचा बराचसा भाग अजून वाचण्यासारखा दिसतोय. वेळ घालवू नका."

दुपारी पावणेदोनला गृहस्थ ऑपरेशनच्या टेबलावर होते. गुठळी काढली, हातभर आतडं मात्र कापावं लागलं. दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडून उरलेलं आतडं गुलाबी आहे की नाही ते पाहिलं. गुलाबी होतं. काकू पाच दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या. मी जाता-येता त्यांना सांगायचे, गोळीचा विसर कुणालाही पडतो. त्यांना ते पटलं की नाही, मला कधी कळलं नाही.

त्यानंतर मी शहाणी झाले असं मुळीच नाही. पुढच्याच आठवड्यात गडबडीत 'डोकेदुखी, सीटी' असं लिहून पाठवलं आणि 'पत्ता अपुरा' लिहिलेला फॉर्म निमूटपणे परत घेतला. पण मेसमध्ये तो विनोद पुन्हा केला नाही.

गृहस्थ घरी निघाले तेव्हा चोवीस दिवस झाले होते. बारीक झाले होते, पण चालत होते. मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं खाली येता? एका माणसाला भेटवते." एकेक पायरी करत आम्ही उतरलो. सर काचेसमोर बसले होते. मी सांगितलं हे कोण.

सर खडबडून उभे राहिले. स्वेटर सारखा केला. "मी ह्यांना आतून चांगला ओळखतो," ते म्हणाले, "बाहेरून आज पहिल्यांदाच बघतोय." आणि गृहस्थ पोटावर हात धरून हसले, टाके दुखत होते तरी.

ते गेल्यावर सर पुन्हा खुर्चीत बसले. "सव्वीस वर्षं झाली मला इथे," ते म्हणाले. "पुढे काय झालं ते कुणी येऊन सांगत नाही गं. आम्ही उत्तर लिहितो आणि ते वर निघून जातं." मग मला म्हणाले, "तुला वेळ आहे का? बस. एक गमतीची फिल्म दाखवतो."

वर वॉर्डात माझं काम पडलेलं होतं. तरी बसले. त्या उरलेल्या आठ महिन्यांत किती दुपारी तशी बसले, त्याची मोजदाद नाही. तो विभाग आता चौथ्या मजल्यावर गेलाय म्हणतात, लिफ्ट आहे, कागद नाही, संगणकावर चौकटीत टिचकी मारली की फॉर्म जातो. सर जाऊनही नऊ वर्षं झाली. मी आज जिथे काम करते तिथले इंटर्न माझ्याकडे सही मागायला येतात तेव्हा मी फॉर्म बाजूला ठेवते आणि आधी विचारते, पेशंटच्या नाडीवर बोट कुणी ठेवलं होतं?